तोंडी तडीपारी

विधिशास्त्राचा पेपर शिकवायला कोणी तयार नसतं, म्हणून तो माझ्याकडे आला. फौजदारी, जमीन, वारसा हे विषय पोरांना आवडतात. त्यावर उद्या पोट भरणार असतं. विधिशास्त्र म्हणजे कायदा मुळात काय असतो याचा विचार, आणि त्यासाठी अशील येत नाही. तरी मी तो मनापासून शिकवत आले. नाशिकला शिकून, तिथेच दहा वर्षं वकिली करून मी शहाद्याला परतले होते. इथल्या एका लहान कॉलेजात नोकरी मिळाली, आणि ब्राह्मणपुरीच्या पलीकडचं आमचं गाव बसने पाऊण तासावर होतं.

त्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दोन सिद्धांत समोरासमोर ठेवून दाखवत होते. पहिला इंग्रजांकडचा, आज्ञेचा. कायदा म्हणजे वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेली आज्ञा. आज्ञा म्हणजे नुसती इच्छा नव्हे. ऐकलं नाहीस तर तुझं काही वाईट होईल, हा धाक तिच्यामागे असतो. आणि सगळ्यांच्या वर एक सार्वभौम बसलेला असतो. त्याला ओळखायचं कसं? बहुसंख्य लोक सवयीने त्याचं ऐकतात आणि तो स्वतः सवयीने कोणाचंच ऐकत नाही, ही त्याची खूण. पोरांना हा सिद्धांत लगेच पटतो. त्यांच्या घरात, गावात, कारखान्यावर त्यांनी असंच पाहिलेलं असतं.

दुसरा ऑस्ट्रियात जन्मला, शुद्ध सिद्धांत. तो म्हणतो, लोक ऐकतात ही एक घडणारी गोष्ट आहे, ‘आहे’ या बाजूची. कायदा ‘असायला हवं’ या बाजूला असतो, आणि ‘आहे’मधून ‘असायला हवं’ कधी निघत नाही. एखादा आदेश बंधनकारक का, याचं उत्तर तो आदेश देणाऱ्याच्या ताकदीत शोधायचं नाही, वरच्या नियमात शोधायचं. आदेशाला अधिकार देणारं कलम, कलमाला अधिकार देणारा अधिनियम, अधिनियमाला अधिकार देणारं संविधान. आणि संविधानाला? त्याच्या वर लिहिलेलं काही नाही. तिथे आपण एक गोष्ट गृहीत धरतो: या पहिल्या संविधानात सांगितल्याप्रमाणे वागायला हवं. तो मूलभूत नियम. तो कोणी केलेला नसतो, कुठे छापलेला नसतो. तो गृहीत धरला नाही, तर खालच्या सगळ्या कागदांवर नुसती शाई उरते.

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मॅडम, शेवटी पोलीस येतातच की. मग फरक काय पडला?”

पुस्तकात याला एक ठरलेलं उदाहरण असतं. मला ते इथलं हवं होतं. मी म्हणाले, “समजा, गावातला एक दांडगा माणूस तुम्हाला म्हणाला, उद्यापासून गावात दिसलास तर याद राख. आणि समजा, प्रांताधिकाऱ्यांनी तडीपारीचा आदेश काढला, उद्यापासून या हद्दीत येऊ नये. शब्द तेच, भीती तीच, तुम्ही दोन्ही वेळेला गाव सोडता. बाहेरून बघणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. तरी एक कायदा आहे आणि दुसरा नाही, कारण प्रांतांच्या आदेशाला वर चढायला पायऱ्या आहेत. दांडग्याच्या आदेशाला पहिलीच पायरी नाही.”

वर्गाची खिडकी बागेकडे उघडते. खिडकीखाली आमचे माळीमामा नळी धरून उभे होते. पाणी एकाच रोपावर कितीतरी वेळ पडत होतं. एवढंच मला दिसलं होतं.

तास संपवून मी बाहेर आले तेव्हा ते व्हरांड्यात थांबले होते. साठीच्या आसपासचे, बारीक, कमी बोलणारे. लोणखेड्याला राहतात आणि सायकलने येतात, याहून जास्त मला त्यांच्याबद्दल माहीत नव्हतं.

“मॅडम, येक इचारू का? तडीपारी किती वरीसनी ऱ्हास?”

“जास्तीत जास्त दोन वर्षांची, मामा. का?”

त्यांनी मान हलवली, जणू मी आकडा चुकीचा सांगितला होता. “माले चौदा वरीस व्हई ग्यात,” ते म्हणाले. “मन्ही कव्हय सरी?” माझी कधी संपणार, असं ते त्यांच्या अहिराणीत विचारत होते.

मी त्यांना बाकावर बसवलं आणि वकिलासारखं विचारू लागले. नोटीस कधी आली? कोणत्या कार्यालयाची? तुमचं म्हणणं ऐकून घेतलं का? आदेशाची प्रत आहे का?

“कागद नई दिना. तोंडी व्हतं.”

“तोंडी तडीपारी नसते, मामा. कोणी सांगितलं तुम्हाला?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला खरंच माहीत नाही, का मी सोंग करते आहे, हे ते ताडून पाहत असावेत. मग हळूच म्हणाले, “तुमना बापूनी.”

माझे वडील एकवीस वर्षं आमच्या गावचे पोलीस पाटील होते. मामा आमच्याच गावचे निघाले. ते दुसऱ्या एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या कराराने राबणारे सालदार होते. मी तेव्हा नाशिकला होते, मला यातलं काहीच कळलं नव्हतं. मामांना मात्र पहिल्या दिवसापासून मी कोणाची मुलगी ते माहीत होतं. दोन वर्षं ते माझ्या खिडकीखाली झाडांना पाणी घालत होते आणि विचारू की नको, असं करत होते. आज वर्गात तडीपारी हा शब्द ऐकला आणि धीर झाला.

झालं होतं असं. एका शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल चोरीला गेली. संशय मामांवर आला. बापूंनी त्यांना चावडीवर बोलावलं, चार माणसांसमोर सांगितलं की उद्यापासून गावात दिसलास तर पोलिसांच्या ताब्यात देईन, मग बाहेर येणं नाही. मामांनी त्याच संध्याकाळी बायको-मुलीला घेऊन गाव सोडलं. लोणखेड्यात एका ओळखीच्याच्या पडवीत राहिले. पुढे कॉलेजात काम मिळालं.

“आणि कधीच परत गेला नाहीत?”

“नई. हुकूम व्हता ना.”

 त्यांची आई गावातच होती. ती गेली तेव्हा निरोप आला. आमच्या गावचं स्मशान नदीकाठी आहे. मामांनी आधी दोघा-तिघांना विचारून घेतलं की नदीचा पलीकडचा काठ गावाच्या हद्दीत येतो का. नाही येत, दुसऱ्या गावाचा शिवार लागतो, असं कळल्यावर ते त्या काठावर जाऊन उभे राहिले. अलीकडच्या काठावर त्यांच्या आईला त्यांच्या पुतण्याने अग्नी दिला. ते तिकडून बघत होते. नदीला पाणी घोट्याएवढंच होतं.

मी कायदा शिकवणारी बाई. त्यांनी हद्दीचा जसा अर्थ लावला होता तसा काटेकोर अर्थ मी कोर्टात कोणाला लावताना पाहिला नव्हता. आणि ज्याचा अर्थ लावला ती वस्तूच नव्हती. खरा आदेश निघाला असता तर आधी लेखी नोटीस आली असती, आरोप कळले असते, साक्षीदार आणता आले असते, वर अपील करता आलं असतं. आईच्या अंत्यविधीसाठी लेखी परवानगी मागून चार दिवस येता आलं असतं. आणि दोन वर्षांनी सगळं संपलं असतं. कायद्याने हाकललं असतं तर ते बारा वर्षांपूर्वीच घरी पोचले असते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

त्या रविवारी मी गावी गेले. बापू आता सत्तरीला आले आहेत, गुडघे दुखतात, पण आवाज तोच. ओसरीवर केळीच्या फुटव्यांचा हिशेब कोणाला तरी फोनवर समजावत बसले होते. घरी आम्ही गुजरी, म्हणजे आमच्या गुजर समाजाची बोली बोलतो. आमचं बोलणं इथे मराठीत लिहिते.

फोन ठेवल्यावर मी मामांचं नाव घेतलं. त्यांना आधी आठवेना. मग म्हणाले, “हां, तो. गेला ना तो कधीच. लोणखेड्याला असतो म्हणे.”

“तुम्ही त्याला तडीपार केलं होतं?”

“गावातून जा म्हटलं, गेला.”

“लेखी काही?”

“लेखी कशाला? सांगितलं की लोक ऐकायचे.”

“बापू, पोलीस पाटलाला तो अधिकार नसतो. गुन्ह्याची खबर द्यायची, पोलिसांना मदत करायची, वर अहवाल पाठवायचा. माणसाला गावाबाहेर काढता येत नाही.”

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. “तू पुस्तकातलं सांगतेस. मी एकवीस वर्षं गाव सांभाळलं. कोणी विचारलं का, कोणत्या कलमाखाली? तहसीलदार यायचे, फौजदार यायचे, सगळ्यांना माहीत असायचं. कोणी चूक म्हटलं नाही. म्हणजे मान्यच होतं ना त्यांना?”

मी चकित होऊन ऐकत राहिले, कारण माझ्या वर्गातला पहिला सिद्धांत ते न वाचता मांडत होते. सवयीने ऐकणारं गाव, मागे धाक, आणि वरचा गप्प बसला म्हणजे त्याची मूक संमती. आज्ञेच्या सिद्धांतात ही पळवाट आहेच: सार्वभौमाला थांबवता येत असून त्याने थांबवलं नाही, तर खालच्याची आज्ञा त्याचीच धरायची. अर्थात तो सिद्धांतही बापूंच्या बाजूने पुरता उभा राहिला नसता. त्यात एका माणसाला एकदाच दिलेली आज्ञा कायदा होत नाही, कायदा होण्यासाठी ती सगळ्यांना आणि कायमची लागावी लागते. पण बापूंना जेवढा हवा होता तेवढा तो पुरत होता.

ओसरीच्या भिंतीवर त्यांचा नेमणुकीचा आदेश चौकटीत लावलेला आहे. मी उठून तो वाचला. प्रांताधिकाऱ्यांची सही, खाली अधिनियमाचा आणि कलमाचा उल्लेख. तिथून वर अधिनियम, विधिमंडळ, संविधान, सगळ्या पायऱ्या जागच्या जागी. बापूंना पोलीस पाटील करणारी शिडी पक्की होती. त्यांनी त्या संध्याकाळी चावडीवर काढलेले शब्द मात्र तिच्या कुठल्याच पायरीवर टेकत नव्हते. चौकटीतल्या माणसाला तो अधिकार नव्हता, म्हणून ते शब्द बोलला तो आदेशातला पोलीस पाटील नव्हताच. एक मोठा शेतकरी बोलला होता.

“आणि केबल?” मी विचारलं. “ती त्यानेच नेली होती?”

“नाही गं. त्याच पावसाळ्यात सापडली टोळी. गुजरातच्या बाजूची होती. पाच-सहा गावांतल्या केबली नेल्या होत्या त्यांनी.”

“त्याच पावसाळ्यात?”

“हो.”

“मग त्याला परत का नाही बोलावलं?”

बापूंनी अंगणाकडे नजर वळवली. “राहून गेलं,” म्हणाले. “मग वाटलं, बसला असेल तिकडे बस्तान.”

राहून गेलं. चौदा वर्षं. आईने आतून चहा आणून ठेवला. ती सगळं ऐकत होती हे मला तिच्या तोंडावरून कळलं, आणि तिला आधीपासून माहीत होतं हेही.

सोमवारी मी मामांना गाठलं. सरळ सांगितलं की तुमच्याविरुद्ध कधीही कोणताही हुकूम नव्हता. चोरही दुसरे सापडले होते. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. ते खाली बसले. नळी हातातच होती, पाणी त्यांच्या पायांवर जात होतं.

“हुकूम नव्हता?”

“नव्हता, मामा.”

“मंग चौदा वरीस मी काय पायं?”

चौदा वर्षं मी पाळलं ते काय होतं, असं ते विचारत होते. आज्ञेचा सिद्धांत त्यांना म्हणाला असता, तू आज्ञा पाळलीस. त्यात निदान पाळायला काहीतरी होतं. शुद्ध सिद्धांत म्हणाला असता, तू नियम पाळला नाहीस, तू घाबरलास, एवढंच घडलं. मी वर्गात या दुसऱ्याच्या बाजूने नेहमी जोरात बोलते. त्या दिवशी मला ते वाक्य तोंडातून काढता आलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, “तुम्ही आता गावात जाऊ शकता.”

“कागद द्या,” ते म्हणाले.

“कसला कागद? जे नव्हतंच त्याचा कागद कसा असेल?”

“तुमीन सांगतस, नव्हता. तठे लोके सांगतीन, व्हता. मी कोनले दाखाडू?”

ते बरोबर होते, आणि त्यांच्या बरोबर असण्यात त्या ऑस्ट्रियन पंडिताचंही एक म्हणणं होतं. एखादी गोष्ट कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे हे ज्याने त्याने स्वतः ठरवून चालत नाही. ज्याला अधिकार आहे अशा कोणीतरी ते सांगावं लागतं. तोवर माणूस आपल्या जोखमीवर चालतो. मामा गेली चौदा वर्षं जोखीम टाळत आले होते.

मी प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयाला माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. या व्यक्तीविरुद्ध हद्दपारीची कोणतीही कार्यवाही किंवा आदेश आपल्या कार्यालयाच्या अभिलेखात आहे काय. मामांनी अंगठा न लावता सही केली. एकेक अक्षर काढायला त्यांना वेळ लागला. उत्तर मुदतीत आलं. दोन ओळी, जावक क्रमांक, शिक्का. असा कोणताही आदेश आढळून येत नाही. मामांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या दुकानातून प्लास्टिकच्या कागदात बंद करून आणला.

“पन,” ते म्हणाले, “बापूनी सांगाले पायजे. ज्यानी सांगं, त्यानीच सांगाले पायजे.”

मला ते मान्य होतं. कायद्याने नव्हे, माणुसकीने. मी परत गावी गेले आणि बापूंना म्हणाले, दोन मिनिटं फोनवर बोला, एवढंच म्हणा की ये. बापूंनी प्लास्टिकमधल्या उत्तराची मी काढलेली झेरॉक्स चष्मा लावून वाचली. मग म्हणाले, “यात लिहिलंय आदेश नाही. तूही म्हणतेस आदेश नव्हताच. मग मी मागे काय घेऊ?”

“शब्द तर तुमचेच होते,” मी म्हणाले.

“नव्हतं ते नव्हतं,” ते म्हणाले. “तुझ्याच कायद्याने बोलतोय मी. माझं काही देणं निघत नाही.”

ते थट्टा करत नव्हते. पहिल्या वेळी त्यांनी आज्ञेच्या मागे उभं राहून सांगितलं होतं की लोक ऐकत होते, म्हणजे कायदाच. आता माझा शुद्ध सिद्धांत उचलून ते त्याच्या मागे जाऊन बसले होते, आणि तिथेही त्यांना आडोसा मिळत होता. कारण शुद्ध सिद्धांत शुद्ध आहे तो त्याने न्याय-अन्याय, दया-माया हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवल्यामुळेच. तो फक्त सांगतो, नियम होता की नव्हता. नव्हता तर पुढे त्याच्याकडे बोलण्यासारखं काही उरत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, त्याचा गुण म्हणून. आता ते माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकत होते.

“कायद्याने नका सांगू मग,” मी म्हणाले. “माणूस म्हणून सांगा. त्याची आई नदीच्या अलीकडे जळत होती आणि तो पलीकडे उभा होता.”

बापूंचा चेहरा हलला. त्यांना हे माहीत नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. त्यांनी चष्मा काढला, झेरॉक्सची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पण फोन केला नाही. जेवलेही नाहीत त्या दिवशी.

मामांना मी खोटं सांगू शकले असते की बापू ‘ये’ म्हणाले. नाही सांगितलं. मी म्हणाले, “ते काही बोलले नाहीत.” मामांनी यावर विचार केला आणि आणखी आठ दिवस घेतले. मग एका बुधवारी रजा टाकली, धुतलेला सदरा घातला, कागद छातीशी ठेवला आणि दुपारच्या बसने एकटे गेले. मी बरोबर येते म्हटलं होतं. नको म्हणाले. पाटलाची पोर बरोबर असली की लोक म्हणतील तिने आणला.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलं. फाट्यावर उतरले तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं आणि विचारलं, “सुटना का रे?” गाव इतकी वर्षं धरून चाललं होतं की तडीपारी खरी होती. कोणाला शंकाही आली नव्हती. मामांनी कागद काढून दाखवला. म्हाताऱ्याने उलटा-सुलटा करून पाहिला, शिक्का पाहिला आणि म्हणाला, चला, आता मुदत संपली वाटतं. मामांनी समजावायचा प्रयत्न केला की मुदत नव्हतीच. ते कोणाला कळेना. हुकूम नव्हता आणि तरी माणूस चौदा वर्षं बाहेर राहिला, यापेक्षा हुकूम होता आणि संपला, हे ऐकायला सोपं होतं. चार घरं पुढे गेल्यावर मामांनीही समजावणं सोडलं.

त्यांच्या घराच्या जागी पुतण्याने गोठा बांधला होता. पुतण्याने पाया पडून आत नेलं, बाज टाकली, जेवायला थांबा म्हणाला. ते आमच्या दारावरून गेले का, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. मामा पुतण्याच्या फोनवरून बोलत होते. मागे गुरांचा आणि भांड्यांचा आवाज येत होता.

“मॅडम, शेवटनी बस चालनी गयी. आठेच मुक्काम करू का?”

“करा ना, मामा. तुमचंच गाव आहे. मला कशाला विचारता?”



“कोनले तरी इचारनं पडस ना,” ते म्हणाले.

मी “राहा” म्हणाले. ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.